गोड बातमीची खट्याळ पोस्ट, जी आजोबाही मोठ्याने वाचून दाखवतील

गोड बातमी ऑनलाइन सांगायची म्हटलं की पहिली युक्ती सुचते ती लपवाछपवीची. मित्रमैत्रिणींसाठी एक चावट पोस्ट टाकायची, काका-मामा-आत्यांना त्यातून वगळायचं, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसरी, अगदी सभ्य पोस्ट टाकायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला My contacts except… हा पर्याय आहे, फेसबुकवर Friends except आहे, आणि दोन्ही आपलं काम चोख करतात. पण कुठली तरी चुलत बहीण कौतुकाने स्क्रीनशॉट काढते, तो तिच्या आईला पाठवते, आई तो जावेला दाखवते. मग वगळलेल्या काकांना दोन गोष्टी एकदम कळतात: बातमी, आणि आपल्याला वगळलं होतं हे. दुसरी गोष्ट ते जास्त दिवस लक्षात ठेवतात.

त्यामुळे माझा सल्ला असा की पोस्ट एकच लिहायची, आणि ती अशी लिहायची की सगळ्यांनी वाचली तरी चालेल. एक कसोटी हाताशी ठेवा: घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस ही पोस्ट शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवू शकेल का? वाचताना मध्येच अडखळून चष्मा पुसावा लागला, तर ती ओळ बदलायची. या कसोटीने पोस्ट मिळमिळीत होईल अशी भीती असते. तसं होत नाही, हे खाली एका मसुद्यावर काम करून दाखवतो.

पोस्टच्या आधीचे फोन

विनोद कितीही जमला तरी एक गोष्ट त्याने भरून निघत नाही. सख्ख्या आजीला नातवंडाची बातमी फोनच्या पडद्यावर, दीडशे लोकांबरोबर कळली, तर तिला ती पोस्ट गोड वाटणार नाही. म्हणून आधी यादी करा. दोन्हीकडचे आई-वडील, आजी-आजोबा आणि भावंडं यांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर सांगायचं. त्यानंतर ज्या काका-काकू, मामा-मामी, आत्या-मावश्यांशी खरोखर जवळीक आहे, त्यांना फोन करायचा. बाकीच्यांना ग्रुपवरून कळलं तरी चालतं. नोकरी करत असाल तर वरिष्ठांनाही पोस्टच्या आधी कळलेलं बरं. ऑफिसातलं कुणी ना कुणी तुमच्या यादीत असतंच.

पहिला फोन आणि पोस्ट यांच्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. होणाऱ्या आजीला ही बातमी फार काळ पोटात ठेवता येत नाही, आणि तशी अपेक्षा करणंही थोडं निर्दयपणाचंच आहे. नुसतं ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं की तेवढ्यापुरतं ‘हो हो’ येतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच स्टेटसला दोन पावलांचं चित्र झळकतं. त्याऐवजी वेळ आणि काम दोन्ही ठरवून द्या: ‘आई, शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही ग्रुपवर टाकतोय. तोवर थांब. पण थोरल्या काकूंना आणि दोन्ही आत्यांना शनिवारी सकाळी तूच फोन करून सांग.’ यामुळे बातमी फुटत नाही, आणि ती सांगण्याचा मानही ज्यांचा त्यांना मिळतो. ज्यांच्याशी आपलं फारसं बोलणं नसतं अशा ज्येष्ठांना तर आपल्यापेक्षा त्यांच्या पिढीतल्या माणसाकडून कळलेलं जास्त आवडतं.

एक नाजूक फोन मात्र करू नये. नात्यात किंवा मैत्रीत कुणी मूल होण्यासाठी उपचार घेत असेल किंवा नुकतंच मूल गमावलं असेल, तर त्या व्यक्तीला आदल्या दिवशी स्वतंत्र मेसेज पाठवा. फोनवर तिला लगेच आनंदी आवाज काढावा लागतो. मेसेज वाचून ती हवा तेवढा वेळ घेऊ शकते. मेसेज साधा असावा: ‘उद्या आम्ही सगळ्यांना सांगणार आहोत, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. उत्तराची घाई नाही.’ त्यात विनोद नको.

केव्हा, आणि कुठली तारीख सांगायची

बरेच जण पहिली तिमाही संपेपर्यंत थांबतात, कारण बहुतेक गर्भपात पहिल्या १२-१३ आठवड्यांत होतात आणि त्यानंतर ती शक्यता बरीच कमी होते. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी झाली की मगच ते पोस्ट टाकतात. घरातली मोठी माणसं ‘इतक्यात बोभाटा नको’ म्हणतात त्यामागे अनेकदा हाच अनुभव असतो, मग ती तो कुठल्याही शब्दांत सांगोत. लवकर सांगायचं तुम्ही ठरवलं असेल तर तेही ठीक. फक्त काही विपरीत घडलं तर ते सगळ्यांना कोण कळवेल, ते एक माणूस आधी नक्की करून ठेवा, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

पोस्टमध्ये तारीख देऊ नका, महिना द्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजून काढलेला अंदाज असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. पोस्टमध्ये तारीख असली की ज्येष्ठ मंडळी ती कॅलेंडरवर लिहून ठेवतात. ती उलटल्यावर रोज सकाळी ‘काही विशेष?’ असा फोन येऊ लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात नेमकी तेवढीच सहनशक्ती शिल्लक नसते.

पहिली ओळ सरळ, विनोद दुसऱ्या ओळीपासून

खट्याळ पोस्ट फसते ती बहुतेकदा असभ्यपणामुळे फसत नाही, ती कळतच नाही म्हणून फसते. कोडं, सूचक चित्र, ‘लोडिंग’ची पट्टी, ‘दोनाचे तीन’ असल्या गोष्टी तरुणांना क्षणात उमगतात. वयस्कर वाचक मात्र ती ओळ दोनदा वाचतो, मग कुणाला तरी विचारतो, आणि विचारावं लागलं याची त्याला लाज वाटते. आदराचा पहिला भाग म्हणजे मोठ्यांना कोडं न घालणं.

याला तांत्रिक कारणंही आहेत. फोन कुलूपबंद असताना पडद्यावर मेसेजच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात. इन्स्टाग्रामवर सुरुवातीचा थोडा मजकूर दाखवून बाकीचा more च्या मागे झाकला जातो, आणि लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅपही मध्येच दुमडतं. त्या झाकलेल्या भागावर बोट टेकवायला सगळे जात नाहीत. शिवाय पोस्ट फॉरवर्ड होताना फोटो आणि मजकूर यांची ताटातूट होऊ शकते. म्हणून बातमी पहिल्याच ओळीत पूर्ण वाक्यात हवी, आणि फोटोवर अक्षरं टाकणार असाल तर तिथेही तीच बातमी हवी.

एक मसुदा, दोनदा लिहिलेला

एक जोडपं धरू. दोघंही थट्टेखोर, भाड्याच्या घरांतून फिरत फिरत स्वतःच्या घरात आलेले. त्यांना कल्पना सुचते ‘नवा भाडेकरू’. कल्पना छान आहे, त्यांच्या आयुष्यातली आहे, आणि कुठल्याही वयाच्या माणसाला भाडेकरू माहीत असतो. पहिला मसुदा असा होतो:

> कळवण्यास आनंद होतो की आमच्याकडे नवा भाडेकरू येतोय! डिपॉझिट नाही, भाडं नाही, रात्रभर धिंगाणा. सगळी त्या पावसाळी सुट्टीची कृपा. आता तरी ‘गोड बातमी कधी’ विचारणाऱ्यांनी तोंडं बंद करावीत. बायको आत्तापासूनच गोल दिसायला लागली आहे.

मित्रांच्या ग्रुपवर हे खपेल. आता हे आजोबांच्या आवाजात वाचू.

पहिलं वाक्य वाचून एखादे काका प्रामाणिकपणे विचारतील, ‘अरे, करारनामा रजिस्टर केलात ना?’ आणि खाली कुणीतरी हसण्याचे पाच चेहरे टाकेल. हसू काकांवर झालं. म्हणजे भाडेकरू राहू दे, पण त्याच्या आधी एक सरळ ओळ हवी.

‘येतोय’ या क्रियापदाने आणखी एक घोटाळा होतो. मोठी माणसं अशा बातमीत एकेक अक्षर तोलून वाचतात, आणि ‘येतोय’ वाचून ‘म्हणजे मुलगा का?’ हा प्रश्न अटळ असतो. गंमत म्हणूनही असा संकेत नको. भारतासह काही देशांत गर्भलिंग तपासून सांगणं कायद्याने बंद आहे. ‘येणार आहे’, ‘देणार नाही’, ‘करणार’ ही रूपं सगळ्या लिंगांना सारखीच चालतात. मसुदाभर तीच वापरा.

पावसाळी सुट्टीची ओळ तर काढायचीच. गर्भधारणा कशी, कुठे, किती ‘प्रयत्नांनी’ किंवा ‘चुकून’ झाली याकडे बोट दाखवणारा कुठलाही विनोद मोठ्यांना कळत नाही असं नाही. त्यांना तो चांगलाच कळतो, फक्त सुनेच्या किंवा जावयाच्या पोस्टखाली तो कळल्याचं दाखवायची सोय नसते. मग ते काहीच लिहीत नाहीत. पोस्टला तरुणांचे दोनशे बदाम आणि ज्येष्ठांचं एकही उत्तर नाही असं दिसलं, तर सहसा असलीच एखादी ओळ आडवी आलेली असते.

‘तोंडं बंद करावीत’ मागचा राग खरा आहे आणि समजण्यासारखाही आहे. ती चौकशी वर्षानुवर्षं सोसलेली असते. पण हा हिशेब आनंदाच्या पोस्टमध्ये चुकता केला की वाचणारी प्रत्येक काकू ‘हे मलाच’ असं धरून बसते, जिने कधी विचारलंच नाही तीसुद्धा. राग सांगायचाच असेल तर ज्यांनी छळलं त्यांना वेगळं सांगा. राहिली ‘गोल’ची ओळ. होणाऱ्या आईच्या शरीरावर विनोद करण्याचा हक्क फक्त तिचा. नवऱ्याने लिहिलेला तोच शब्द सासरी वाचला जातो तेव्हा पुढचे सहा महिने तो प्रत्येक भेटीत परत ऐकू येतो.

मग उरलं काय? उरला भाडेकरू, आणि तोच खरा कामाचा आहे. इथे विनोदाचा रोख बदलायचा. बाळ होण्याआधी काय झालं यावर हसायचं नाही, बाळ आल्यावर आपलं काय होणार यावर हसायचं. आपली झोप, आपला नीटनेटकेपणाचा गर्व, पहाटे तीनची धावपळ यावर मोठी माणसं मनापासून हसतात, कारण या विषयातली जाणकार तीच असतात. त्यांना जाणकार म्हणून पोस्टमध्ये जागा दिली की आदर वेगळा दाखवावा लागत नाही. दुसरा मसुदा:

> आम्ही दोघं आई-बाबा होणार आहोत!
>
> एप्रिलच्या सुमारास घरात एक भाडेकरू कायम राहायला येणार आहे. डिपॉझिट देणार नाही, भाडं देणार नाही, रात्री-अपरात्री आरडाओरडा करणार, आणि आठवड्याभरात घरमालकांनाच पलंगाच्या कडेला ढकलणार, असं अनुभवी मंडळी सांगतात. ओळखीचा दाखला मागितला, तर दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी न पाहताच सह्या केल्या.
>
> आई आणि बाळ दोघांची तब्येत छान आहे. मोठ्यांचे आशीर्वाद हवेत. ज्यांनी असे भाडेकरू आधी सांभाळले आहेत, त्यांनी रात्री जागण्याचा सराव कसा करावा ते कृपया कळवावं.

पहिल्या ओळीत बातमी आहे. सह्यांच्या ओळीमुळे आजी-आजोबा बातमी ऐकणाऱ्यांच्या बाकावरून उठून गमतीत सामील होतात. तब्येतीचं वाक्य कोरडं वाटेल, पण ते ठेवाच. मोठ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि त्याचं उत्तर पोस्टमध्ये असलं तर निम्मे फोन वाचतात. आशीर्वाद सरळ शब्दांत मागितले आहेत, त्यात थट्टा मिसळलेली नाही. शेवटी मोठ्यांना उत्तर द्यायला एक सोपी जागा ठेवली आहे. ‘अभिनंदन’पलीकडे काय लिहावं हे अनेकांना सुचत नाही, आणि स्वतःच्या रात्रींचे किस्से मात्र सगळ्यांकडे असतात.

विनोदाची ओळ इथे तीनदा येते. चौथी घातली की मजकूर उखाण्यासारखा लांबत जातो.

टाकण्याआधी हा मजकूर वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी वाचायला द्या, आणि ‘कसा वाटला?’ विचारू नका. ‘छान’ हेच उत्तर येईल. ‘यातून काय कळलं ते सांगा’ म्हणा. महिना, तब्येत आणि कोण आई-बाबा होणार हे तिन्ही त्यांनी न अडखळता सांगितलं, तर मजकूर तयार आहे.

फोटो

सोनोग्राफीचं चित्र लावायचं असेल तर आधी त्याच्या कडा पाहा. आईचं पूर्ण नाव, कधी जन्मतारीख किंवा वय, रुग्ण क्रमांक, दवाखान्याचं नाव, तपासणीची तारीख असं बरंच काही कोपऱ्यांत छापलेलं असतं. त्यातच GA आणि EDD ही अक्षरंही असतात: GA म्हणजे गर्भाचं वय आणि EDD म्हणजे प्रसूतीची अंदाजे तारीख. म्हणजे जी तारीख आपण मजकुरात दिली नाही ती चित्रातून निसटते. फोनमधल्या हायलायटरने हे खोडू नका, कारण त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो आणि उजळपणा वाढवला की खालची अक्षरं परत दिसू शकतात. कडा सरळ कापून टाका, मग कापलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा. स्क्रीनशॉट घेतला की मूळ चित्र चुकून जायचा धोका राहत नाही.

चाचणीच्या पट्टीचा फोटो नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ती लघवीत बुडवलेली असते, हे मोठ्यांच्या डोक्यातून जात नाही आणि त्यांचं चुकतही नाही. पोटाचा फोटो हा होणाऱ्या आईचा निर्णय. तिला आवडत असेल तर ज्येष्ठांसाठी लपवायचं कारण नाही, फक्त तो साध्या, नेहमीच्या कपड्यांतला असला की ग्रुपवर चर्चा कपड्यांकडे वळत नाही.

आपल्या भाडेकरूच्या पोस्टला सोपा फोटो असा: कागदाची नावाची पाटी करायची, त्यावर दोघांची नावं आणि खाली तिसरी ओळ रिकामी. दोघं दोन बाजूंना पाटी धरून उभे. खऱ्या दाराच्या पाटीचा फोटो काढू नका, त्यात घर क्रमांक येतो. पाटीच्या वर ठळक, काळ्या अक्षरांत ‘आम्ही आई-बाबा होणार आहोत’ लिहा. फोटो पाठवताना दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात, त्यामुळे तो लहान करून, हातभर अंतरावर फोन धरून, चष्म्याशिवाय वाचता येतो का ते बघा.

टाकल्यावर

वेळ अशी निवडा की पुढचे दोन तास फोन घेता येतील. तरुण मंडळी बदाम टाकून पुढे जातील, मोठी माणसं फोन करतील, आणि तीनदा फोन करून उचलला नाही की काळजी करतील. रात्री अकराला टाकलेली पोस्ट म्हणूनच वाईट. घराण्यात कुणी आजारी असेल किंवा नुकतं कुणी गेलं असेल, तर आठवडाभर थांबा, किंवा त्या घरातल्या मोठ्यांना विचारून मग टाका. बहुतेक वेळा ते ‘टाका, तेवढंच बरं वाटेल’ म्हणतात, पण विचारलं हे त्यांच्या ध्यानात राहतं.

आधी ग्रुपवर टाका, आणि अर्ध्या-एक तासाने बाकी सगळीकडे.

जिवलग मित्रांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की पोस्टखाली घरातली मोठी माणसं वाचणार आहेत, चावटपणा वेगळ्या ग्रुपवर करू. तरीही कुणी पावसाळी सुट्टीची आठवण काढलीच, तर ती टिप्पणी लगेच काढून टाका. फेसबुकवर नुसती लपवलेली टिप्पणी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, म्हणून काढून टाकणंच बरं. मित्राला दोन शब्द वेगळे लिहा, तो रागावणार नाही.

आशीर्वादांना एकेक उत्तर द्या, छोटं का असेना. साठ जणांना मिळून एक ‘सर्वांचे आभार’ ही ओळ ज्येष्ठांना कार्यालयीन सूचनेसारखी लागते. ‘नमस्कार काका, तुमचा फोन येऊन गेला, खूप बरं वाटलं’ एवढंही पुरतं. सल्ले मात्र तिथेच मान्य किंवा अमान्य करत बसू नका. ‘मावशी, यावर फोनवर सविस्तर बोलू’ असं लिहिलं की सल्ला देणाऱ्याचा मान राहतो आणि सगळ्यांसमोर वाद होत नाही. ‘मुलगाच होऊ दे’ अशी टिप्पणी एखादी तरी येतेच. तिथे भाडेकरू पुन्हा कामी येतो: ‘आजी, करारात एकच अट आहे, ठणठणीत असावं.’ हसतखेळत सांगितलं, आणि काय म्हणायचं तेही पोचलं.

इतकं करूनही यादीतून कुणी तरी सुटलेलं असतं. मामेसासऱ्यांना त्यांच्या मुलाकडून कळलं आणि ते जरा तुटक बोलले, असं कानावर आलं तर त्याच दिवशी फोन करा. ‘गडबडीत राहिलं’, ‘नेटवर्क नव्हतं’ असली कारणं देऊ नका. ‘मामा, तुम्हाला आधी फोन करायला हवा होता, तो राहिला’ एवढं म्हणा आणि लगेच त्यांना असं काही सांगा जे पोस्टमध्ये नाही: पुढची तपासणी केव्हा आहे, डॉक्टर काय म्हणाले, सध्या काय खावंसं वाटतंय. जे सगळ्यांना ठाऊक नाही ते त्यांना मिळालं की उशिरा कळल्याची रुखरुख पुष्कळ ओसरते, आणि पुढच्या वेळी ग्रुपवर तब्येतीची चौकशी झाली तर उत्तर तेच देतात.